शंभरपर्यंत म्हणता येतं, मग पाच मणी का देता येत नाहीत?

नमस्कार पालकहो, तुम्हा सगळ्यांचं शाळेत मनापासून स्वागत.

प्रवेशाच्या वेळी तुमच्यापैकी बहुतेकांनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. वर्गात डोकावलं तर मुलं फरशीवर बसून ठोकळे रचताना, मणी ओवताना, पटावर सोंगट्या सरकवताना दिसतात. वही कोरी असते. मग लिहायला कधी सुरुवात होणार? बेरीज कधी येणार? पुढच्या इयत्तेत आमचं मूल मागे तर पडणार नाही ना?

"आम्ही खेळातून शिकवतो" एवढं सांगून मी थांबले, तर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये. खेळातून नेमकं काय शिकलं जातं आणि कसं, हे शाळेला सांगता आलं पाहिजे. म्हणून आज मी बाकीचे विषय बाजूला ठेवते आणि फक्त संख्येबद्दल बोलते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला 'पाच' कसा कळतो आणि एक अगदी साधा खेळ त्यात काय करतो, एवढंच.

आज घरी गेल्यावर एक गोष्ट करून बघा. एका वाटीत दहा-पंधरा मणी किंवा बटणं घ्या आणि मुलाला म्हणा, "मला दोन दे." मग, "आता तीन दे." मग, "पाच दे." साडेतीन वर्षांचं मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणत असलं, तरी बहुधा दोन नीट देईल, तीनला अडखळेल आणि पाच मागितल्यावर मूठभर उचलून तुमच्या हातात ठेवेल. त्याच्या चेहऱ्यावर शंका नसेल. त्याच्या लेखी 'पाच' म्हणजे 'पुष्कळ'.

बालमानसशास्त्रात ही चाचणी फार वापरली जाते. कॅरन विन या संशोधिकेने १९९० च्या सुमारास तिचा बारकाईने अभ्यास केला. मुलं संख्या एकदम शिकत नाहीत, एकेक पायरी चढत शिकतात, हे त्यातून पुढे आलं. आधी मुलाला फक्त 'एक' कळतो. एक मागितला तर एक देतं, दुसरी कोणतीही संख्या मागितली तर मूठ भरून देतं. पुढे काही महिने जातात आणि 'दोन' कळतो. पुन्हा काही महिन्यांनी 'तीन'. या सगळ्या काळात ते तोंडाने दहापर्यंत म्हणतच असतं. मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एक मोठी उडी येते. पाच मागितल्यावर मूल एकेक मणी मोजत बाहेर काढतं आणि पाचव्यावर थांबतं. ज्याला पाचावर थांबणं कळलं, त्याला सहा, सात, आठवर थांबणंही लगेच जमतं, कारण आता त्याला एकेक संख्या सुटी कळलेली नसते, मोजणं कशासाठी असतं हेच कळलेलं असतं.

पाच मणी देता येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, अंकांचा क्रम न चुकता म्हणता येणं. दुसरी, एका वस्तूला एकच अंक देणं. इथे लहान मुलांची गंमत बघण्यासारखी असते. तोंड पुढे जातं आणि बोट मागे राहतं, नाहीतर बोट दोन मण्यांवरून घसरतं आणि तोंड एकच अंक म्हणतं. गोल मांडलेल्या वस्तू मोजताना तर कुठून सुरुवात केली हेच विसरतं आणि ते मोजतच राहतं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: शेवटी म्हटलेला अंक हा शेवटच्या मण्याचं नाव नाही, सगळ्या मण्यांची मिळून संख्या आहे. मुलाला पाच मणी मोजायला सांगा. "एक, दोन, तीन, चार, पाच" असं बरोबर मोजून झालं की लगेच विचारा, "मग किती झाले?" ज्याला ही तिसरी गोष्ट कळलेली नाही, ते "पाच" म्हणणार नाही. ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. "किती" म्हणजे "मोजून दाखव", एवढाच अर्थ त्याला ठाऊक असतो.

आता वहीकडे या. वहीच्या पानावर ५ हा आकडा वीस वेळा गिरवला तर यातली कोणती गोष्ट पक्की होते? एकही नाही. बोटांना त्या आकाराचं वळण लागतं. तेही हवंच, पण ते चित्र काढायला शिकणं झालं. परक्या भाषेतलं गाणं पाठ व्हावं आणि त्याचा अर्थ कळू नये, तसं हे आहे. म्हणून पहिल्या सत्रात आमची वही कोरी असते. मुलाच्या मनात पाच तयार होण्याआधी त्याच्याकडून पाच लिहून घेतला, तर तुम्हाला आणि आम्हाला दोघांनाही तो आला असं वाटतं, आणि तो आलेला नाही हे बरंच उशिरा, वजाबाकीच्या वेळी समजतं.

मग 'पाच' मनात तयार कसा होतो? एक खेळ सविस्तर सांगते. आमच्या प्रत्येक वर्गात तो आहे आणि त्याच्यावर चांगलं संशोधनही झालेलं आहे.

एक लांबट पट्टी घ्या. तिच्यावर एका ओळीत दहा चौकोन आखा, सगळे सारख्या रुंदीचे. डावीकडून उजवीकडे १ ते १० आकडे लिहा. दोन सोंगट्या आणि एक भिंगरी घ्या, जिच्यावर फक्त १ आणि २ येतात. दोन खेळाडू. भिंगरी फिरवायची, जितके येतील तितकी घरं पुढे जायचं, जो आधी शेवटाला पोहोचेल तो जिंकला. एवढाच खेळ. एक डाव काही मिनिटांत संपतो.

त्यात एक नियम मात्र मोडायचा नाही. सोंगटी सरकवताना मुलाने ती ज्या घरात टेकते त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. समजा सोंगटी ४ वर आहे आणि भिंगरीवर २ आले. मुलाने "पाच, सहा" म्हणायचं. "एक, दोन" म्हणायचं नाही.

रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या दोन संशोधकांनी २००८ मध्ये या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कुटुंबांतली चार-पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली, ज्यांना घरी असे खेळ फारसे मिळत नव्हते. दोन आठवड्यांत प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाबरोबर चार वेळा, दर वेळी १५ ते २० मिनिटं खेळलं. म्हणजे सगळं मिळून तास-सव्वा तास. अर्धी मुलं आकड्यांच्या पटावर खेळली. बाकीची मुलं तशाच पटावर, तितकाच वेळ खेळली, पण त्यांच्या घरांत आकड्यांऐवजी रंग होते आणि ती सोंगटी सरकवताना रंगांची नावं म्हणत होती.

नंतर तपासणी झाली. त्यातली एक चाचणी मला फार आवडते, कारण ती पाठांतराने जमत नाही. कागदावर एक कोरी रेघ असते. तिच्या एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला १०. मधे कोणतीही खूण नाही. मुलाला विचारायचं, "७ कुठे असेल? तिथे खूण कर." अंक नुसते पाठ असलेलं मूल खूण कुठेही करतं. त्याचा ७ कधी ३ च्या अलीकडे पडतो, कधी ९ च्या पलीकडे. अंकांचं मोठेपण कळलेलं मूल अर्ध्याच्या जरा पुढे खूण करतं.

आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची या चाचणीत लक्षणीय प्रगती झाली. दोन आकड्यांतला मोठा कोणता हे सांगणं, मोजणं, आकडा पाहून ओळखणं, या बाबतीतही ती पुढे गेली. नऊ आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फायदा टिकून होता. रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत असा बदल दिसला नाही.

इथे क्षणभर थांबा, पालकहो. दोन्ही गट खेळले, दोघांनाही भिंगरी फिरवायला मिळाली आणि मोठ्या माणसाचा वेळही सारखाच मिळाला. तरी शिकला एकच गट. मुलाला खेळायला दिलं की ते आपोआप शिकतं, हे मत या निष्कर्षासमोर टिकत नाही. त्या खेळाच्या आत काय बसवलं आहे, त्यावर सगळं ठरतं.

मग आकड्यांच्या पटात काय बसवलेलं होतं? सोंगटी ३ वर पोहोचते आणि ८ वर पोहोचते, यातला फरक मुलाला एकाच वेळी चार वाटांनी जाणवतो. ८ पर्यंत सोंगटी जास्त लांब गेलेली असते, हे डोळ्यांना दिसतं. हाताने जास्त वेळा ती उचलून ठेवलेली असते. तोंडाने जास्त अंक म्हटलेले असतात. आणि तिथे पोहोचायला वेळही जास्त लागलेला असतो. चारही खुणा एकच गोष्ट सांगतात, की आठ हा तिनापेक्षा एवढा मोठा आहे. फळ्यावर ८ लिहून "हा मोठा" असं सांगितलं, तर यातली एकही वाट उघडत नाही. चौकोन सारख्या रुंदीचे हवेत ते याचसाठी. चौकोन लहानमोठे असले तर अंतर खोटं बोलायला लागतं.

पुढे त्याच संशोधकांनी तेच आकडे गोल पटावर मांडून पाहिले. सरळ पट्टीइतका फायदा झाला नाही. गोलावर १ आणि १० जवळजवळ येऊन बसतात, त्यामुळे लांबी आणि संख्या यांची सांगड तुटते. सरळ पटावर खेळलेल्या मुलांना नंतर छोट्या बेरजा शिकवल्या, तेव्हा त्या त्यांना जास्त चांगल्या आल्या. बेरीज कधी येणार, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्या पट्टीवर बेरजेचा पाया घातला जात असतो.

आता "पाच, सहा" आणि "एक, दोन" यांच्याकडे परत जाऊ. २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी शंभरपर्यंतच्या पटावर हे तपासलं. काही मुलं घरातला आकडा म्हणत पुढे गेली, काही दर वेळी एकपासून मोजत गेली. पट तोच, आकडे समोर छापलेले, तरी घरातला आकडा म्हणणारी मुलंच जास्त शिकली. कारण उघड आहे. "एक, दोन" म्हणणाऱ्या मुलाला खालच्या आकड्याकडे बघायची गरजच पडत नाही. सोंगटी ४६ वरून ४८ वर गेली काय आणि ६ वरून ८ वर गेली काय, त्याच्या तोंडी "एक, दोन"च. पट समोर असून तो मुलाच्या डोक्यात शिरत नाही.

आमच्या वर्गातल्या ताईंचं काम नेमकं इथे असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ताई मुलांबरोबर खेळते आहे. पण तिचं लक्ष मुलाच्या तोंडातल्या अंकाकडे असतं. एक डाव डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी ४ वर आहे, भिंगरीवर २ येतात. ती सोंगटी उचलते, "एक, दोन" म्हणत ६ वर ठेवते. सोंगटी बरोबर जागी पोहोचली आहे, म्हणजे चूक दिसत नाही. घाईतला माणूस "शाब्बास" म्हणून मोकळा होईल. ताई सोंगटी परत ४ वर ठेवते आणि विचारते, "आत्ता तू कोणत्या घरात आहेस?" मुलगी म्हणते, "चार." ताई म्हणते, "मग पुढचं घर कोणतं?" मुलगी बघते, "पाच." सोंगटी पाचवर टेकते. "आणि पुढचं?" "सहा." पुढच्या खेपेला मुलगी पुन्हा "एक" म्हणायला लागते, ताई नुसतं बोट तिच्या आताच्या घराशी टेकवते. काही डावांनंतर बोटाचीही गरज राहत नाही. मग एके दिवशी भिंगरी फिरवण्याआधीच मुलगी म्हणते, "मला दोन आले तर मी जिंकणार." ती ८ वर असते. पटावर हात न लावता आठ आणि दोन तिने मनात जोडलेले असतात. ताई तेवढं तिच्या नोंदवहीत लिहून ठेवते. कोरी वही मुलाची असते, ताईची नोंदवही भरलेली असते. ती बघायला तुम्ही कधीही या.

तुमच्यापैकी काहींनी म्हटलं होतं, मुलांना मोकळं सोडलं तर ती भरकटणार नाहीत का. ही भीती योग्य आहे, आणि तिला संशोधनाचा आधारही आहे. २०१३ मध्ये केली फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना आकार तीन पद्धतींनी शिकवले. एका गटाला मोठ्या माणसाने आकारांचे गुणधर्म सांगितले आणि मुलं ऐकत, बघत राहिली. दुसऱ्या गटाला तेच आकार देऊन मोकळं खेळू दिलं. तिसऱ्या गटात मोठा माणूस मुलांबरोबर शोधाशोध करत होता. हे सगळे त्रिकोणच का असतील, या सगळ्यांत सारखं काय आहे, असं विचारत होता आणि मुलं बाजू, कोपरे शोधत होती.

त्रिकोणाचं उदाहरण मुद्दाम देते. बहुतेक मुलांच्या डोक्यात त्रिकोण म्हणजे एकच चित्र असतं: तळ खाली, टोक वर, तिन्ही बाजू जवळपास सारख्या. त्यांना लांबुडका, निमुळता, आडवा पडलेला त्रिकोण दाखवला तर ती ठामपणे म्हणतात, "हा त्रिकोण नाही." टोक खाली केलं तरी म्हणतात, "हा उलटा आहे, हा चालत नाही." तीन सरळ बाजू आणि तीन कोपरे म्हणजे त्रिकोण, हा नियम त्यांच्याकडे नसतो, फक्त ओळखीचा चेहरा असतो. या अभ्यासात विचित्र दिसणारे त्रिकोण ओळखणं सगळ्यात चांगलं जमलं ते तिसऱ्या गटाला, आणि आठवड्यानंतरही ते टिकलं. मोकळा खेळ खेळलेली मुलं या बाबतीत सगळ्यात मागे राहिली.

आम्ही या तिसऱ्या वाटेने जातो. काय शिकायचं ते शाळा ठरवते, त्यासाठी सामान आणि नियम शाळा मांडते, आणि शोध मुलाने घ्यायचा असतो. मोकळा खेळही रोज असतोच. त्याने मैत्री जमते, भांडणं मिटवायला मुलं शिकतात, त्याची आपली वेगळी किंमत आहे. पण त्रिकोणाचा गुणधर्म तिथे आपसूक सापडेल, असं आम्ही गृहीत धरत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगूनच का टाकत नाही? वेळ वाचेल. त्यावर २०११ मधला एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग सांगते. त्यांनी एक खेळणं बनवलं, ज्यात चार वेगवेगळ्या करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना शिकवण्याच्या सुरात सांगितलं, "बघ, हे खेळणं असं चालतं," आणि एकच करामत करून दाखवली. इतर मुलांसमोर ती करामत जणू चुकून घडली, किंवा काहीच दाखवलं नाही. मग खेळणं मुलांच्या हाती दिलं. ज्यांना 'शिकवलं' होतं, ती मुलं तीच एक करामत करत राहिली आणि लवकर थांबली. बाकीच्यांनी जास्त शोधाशोध केली. मुलांचा तर्क यात चुकीचा नव्हता. जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असं त्यांनी धरलं. म्हणून कधी सांगायचं आणि कधी विचारून थांबायचं, हे ओळखणं हा आमच्या ताईंच्या कामातला सगळ्यात कठीण भाग आहे. प्रश्न विचारून गप्प बसणं मोठ्या माणसाला फार जड जातं.

सामानाबद्दल थोडक्यात. आमचे मणी आणि ठोकळे तुम्हाला साधे वाटतील. मोजायला आम्ही छोटी बाहुली, गाड्या, प्राणी असं काही देत नाही. गाडी हाती आली की मूल ती चालवतं, आणि ते साहजिक आहे. मोजायची वस्तू अशी हवी, की तिच्याकडे बघून संख्या आठवावी, गोष्ट आठवू नये.

दहाच्या पुढे गेलं की आपल्या मराठी मुलांपुढे एक जास्तीची अडचण येते, आणि पहिलीत तुम्हाला ती नक्की दिसेल. चिनी भाषेत ३७ म्हणताना 'तीन-दहा-सात' असं म्हणतात, लिहितात त्याच क्रमाने. आपण 'सदतीस' म्हणतो. म्हणजे कानाला सात आधी ऐकू येतो, तीस नंतर, आणि लिहिताना तीन आधी. म्हणून चांगलं मोजणारं मूलही सदतीस ऐकून ७३ लिहितं. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्याकडेही सात आधी येतो. २९ ला तर आपण 'एकोणतीस' म्हणतो. शब्दात तीस ऐकू येतो आणि कागदावर तीन कुठेच नसतो. ७३ लिहिणाऱ्या मुलाला "लक्ष नाही तुझं" असं म्हणू नका. त्याने जे ऐकलं, तेच त्याने लिहिलं.

यावर आमच्याकडे काड्यांचं काम असतं. दहा काड्या झाल्या की मूल स्वतः त्यांना रबर लावतं. रबर लावलेले गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. तीन गठ्ठे आणि सात सुट्या समोर आल्या की मूल आधी "तीस आणि सात" म्हणतं आणि मग "सदतीस". लिहायचं ते गठ्ठ्यांकडे बघून, कानावर विसंबून नाही. गठ्ठा मुलाने स्वतः बांधणं गरजेचं आहे. तयार गठ्ठा दिला तर कित्येक मुलांना तो 'एक जाड वस्तू' वाटतो, आत दहा आहेत हे ती विसरतात. पुढे हातच्याची वजाबाकी येते. ४२ मधून ७ काढायचे असतात आणि सुट्या काड्या दोनच असतात, तेव्हा मूल गठ्ठ्याचं रबर काढतं. दशक सोडवणं म्हणजे काय, ते त्याने केलेलं असतं. वहीत चाराचे तीन आणि दोनाचे बारा करायची वेळ येते, तेव्हा त्या खुणा कशाच्या आहेत हे त्याला ठाऊक असतं. तिथून पुढे वही भरू लागते, आणि ती भरायलाच हवी.

खेळ कुठे पुरत नाही, तेही सांगितलं पाहिजे. अक्षर आणि त्याचा आवाज यांचं नातं मुलाने स्वतः शोधून काढावं, अशी अपेक्षा आम्ही करत नाही. 'क' या आकाराला 'क' का म्हणायचं, हे कितीही निरीक्षण केलं तरी सापडणार नाही, कारण ते माणसांनी ठरवलेलं आहे. ते सांगावंच लागतं, क्रमाने आणि नेमाने. म्हणून रोज थोडा वेळ ताई सरळ शिकवते: हे अक्षर, हा आवाज, आता तू म्हण. पेन्सिल धरायची पद्धतही दाखवावी लागते. आणि मोठ्या वर्गात पाढे येतात, तेव्हा गुणाकार म्हणजे काय हे कळल्यावर पाठांतर आणि सराव करावाच लागतो. समज आली म्हणून सराव टळत नाही. जे हाताने, डोळ्यांनी पारखता येतं, ते आम्ही मुलाला शोधू देतो. जे केवळ रूढीने ठरलं आहे, ते सांगतो.

तुमचं मूल खेळातून खरंच शिकतंय की नुसता वेळ जातोय, हे तुम्ही कसं ओळखाल? वर सांगितलेली मण्यांची मागणी दीड-दोन महिन्यांनी एकदा करून बघा. रोज करू नका, नाहीतर ती परीक्षा होते आणि मूल अंदाजाने उत्तर द्यायला लागतं. मोजून झाल्यावर "किती झाले?" विचारा आणि ते पुन्हा मोजतं की सांगतं, ते बघा. मग तेच मणी पसरून, लांब लांब ठेवून विचारा, "आता किती?" चार वर्षांच्या बऱ्याच मुलांना पसरलेले मणी जास्त वाटतात. ज्यां पियाजे यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं होतं. मूल "तेवढेच" म्हणालं तर विचारा, "कशावरून?" त्याचं कारण ऐका. चूक असलं तरी लगेच दुरुस्त करू नका. मण्यांवर तुमचं बोट फिरवून मोजून देऊ नका, ते काम त्याच्या बोटाचं आहे.

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, हे खरं आहे, पण त्या वाक्याआड आम्ही लपणार नाही. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही, काही महिने असे खेळ खेळूनही, मूल चार-पाच वस्तू मोजून देऊ शकत नसेल, तर आम्ही तुम्हाला बोलावू, किंवा तुम्ही आधी आमच्याकडे या. कधी ऐकण्याची अडचण असते, कधी बघण्याची, कधी घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असते आणि अंक दोन्हींत विखुरलेले असतात. अशा वेळी मुलाबरोबर एकट्याने बसून, कोणत्या पायरीवर ते अडलंय ते पाहून काम करावं लागतं. थांबून वाट बघणं हा त्यावरचा उपाय नाही.

बाहेरच्या टेबलावर दहा घरांच्या पट्ट्या आणि भिंगऱ्या ठेवल्या आहेत, प्रत्येक कुटुंबासाठी एक संच. रात्री जेवणानंतर दोन-तीन डाव पुरेत. सोंगटी म्हणून बटण चालेल. मुलाने घरातला आकडा म्हणायचा, आणि तुमची पाळी आली की तुम्हीही तसंच म्हणायचं, कारण मूल तुमच्याकडे बघून शिकणार आहे. ते "एक, दोन" म्हणालं तर सोंगटी मागे घेऊन विचारा, "आत्ता तू कोणत्या घरात आहेस?" दहाची पट्टी सहज जमू लागली, सोंगटी न हलवता मूल "मी आता नऊवर जाणार" असं सांगू लागलं, की ताईंना तसं कळवा. त्या तुम्हाला पुढचा पट देतील.